'बारापर्यंत' म्हणजे बारासुद्धा



आधी बातमी सांगतो. गेल्या ऑगस्टमध्ये मी 'आयएसटीक्यूबी सर्टिफाइड टेस्टर – फाउंडेशन लेव्हल' ही परीक्षा पास झालो. चाळीस प्रश्न, प्रत्येकी एक गुण, पास व्हायला सव्वीस लागतात. मला तेहतीस मिळाले. प्रमाणपत्र आलं तेव्हा आईने विचारलं, "आता पगार वाढेल का?" बाबांनी विचारलं, "यात शिकलास काय?" आईच्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. बाबांच्या प्रश्नाचं आहे, आणि तेच इथे लिहितो आहे.

मी मूळचा बेला मंडलातल्या एका गावचा. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरी मराठी, शाळेत तेलुगू, यवतमाळला बी.ई., मग काही वर्षं हैदराबादला नोकरी आणि आता आदिलाबादच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. आम्ही आसपासच्या जिनिंगवाल्यांना कापूस खरेदीचा प्रोग्राम करून देतो. गाडी आली की काट्यावर वजन, मग ओलाव्याची नोंद, त्यावरून भाव आणि शेवटी पावती. बी.ई. झालेल्या माणसाला यात अवघड काय, असं मलाही वाटायचं.

२०२४ च्या नोव्हेंबरात एका दुपारी काकांचा फोन आला. बाबांचे धाकटे भाऊ. आवाज चढलेला.

"काऊन रे, बारापर्यंत माल घेता ना तुम्ही?"

"हो काका."

"मग माझा बारा आला, तर पोरगा म्हणते कंप्युटर घेत नाही. तुझाच कंप्युटर आहे म्हणते ना हा?"

मी म्हटलं, बघतो. बघेपर्यंत संध्याकाळ झाली. पिकअपवाल्याचं भाडं चढत होतं, म्हणून काका तोवर गाडी घेऊन परत गेले होते. दोन दिवसांनी त्यांनी तो पंधरा क्विंटल कापूस गावातल्याच खेडा खरेदीवाल्याला ६,८०० रुपयांनी देऊन टाकला.

इथे थोडं ओलाव्याबद्दल सांगायला हवं, कारण आपली बरीच मुलं आता शहरात वाढली आहेत. वेचलेल्या कापसात पाणी असतं. तेलुगूत त्याला 'तेमा' म्हणतात, आपण ओलावा किंवा नमी. ओल्या कापसाचं वजन जास्त भरतं, म्हणून भाव ठरवताना ओलावा मोजतात. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभाव देते तो ८ टक्के ओलाव्याला. त्याच्या वर दर एका टक्क्याला भावातून एक टक्का कापतात. १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे १० टक्क्यांना ७,३७० रुपये ५८ पैसे आणि १२ टक्क्यांना ७,२२० रुपये १६ पैसे. आमच्या त्या जिनिंगच्या मालकाने खासगी खरेदीलाही हाच तक्ता लावला होता.

काकांना जिनिंगवर मिळायला हवे होते ७,२२०. गावात मिळाले ६,८००. क्विंटलमागे ४२० रुपये गेले. पंधरा क्विंटलचे सहा हजार तीनशे, आणि गाडीभाडं वेगळं.

रात्री मी प्रोग्राम उघडला. सहा ओळींचा हिशेब होता, मीच लिहिलेला:

```
if m <= 8:
    rate = base
elif m < 12:
    rate = base - base * (m - 8) / 100
else:
    rate = 0   # REJECT
```

`m` म्हणजे मीटरवरचा ओलावा. पहिल्या ओळीतल्या `<=` चा अर्थ 'आठ किंवा आठपेक्षा कमी'. तिसऱ्या ओळीत नुसतं `<` आहे, म्हणजे 'बारापेक्षा कमी'. बरोबर बारा आला की तो त्या ओळीत बसत नाही आणि खाली घसरून नाकारला जातो. एक बरोबरीचं चिन्ह राहिलं होतं.

मला लाज वाटली ती चुकीपेक्षा एका दुसऱ्या गोष्टीची. मी हा हिशेब तपासला होता. वहीत नोंद होती: ७ टाकून पाहिलं, पूर्ण भाव आला. १० टाकून पाहिलं, ७,३७०.५८ आले. १४ टाकून पाहिलं, नाकारला. तिन्ही उत्तरं बरोबर, म्हणून मी खाली 'ओके' लिहून सही केली होती. आता काट्यावरच्या जुन्या नोंदी ओलाव्याप्रमाणे लावून पाहिल्या. ११.९ च्या गाड्या घेतलेल्या, १२.१ च्या परत गेलेल्या आणि मध्ये १२.० च्या सात गाड्या, सातही परत. काकांची त्यातली शेवटची. आधीच्या सहा जणांकडे माझा फोन नंबर नव्हता.

चूक दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. पण तपासूनही ती सुटली कशी, हा प्रश्न डोक्यातून जाईना. टेस्टिंग हे शास्त्र म्हणून मी कधी शिकलोच नव्हतो. कॉलेजात त्यावर एक प्रकरण होतं, ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. म्हणून जानेवारीत या अभ्यासक्रमाला हात घातला.

आयएसटीक्यूबी ही टेस्टिंगच्या प्रमाणपत्रांची आंतरराष्ट्रीय संस्था, २००२ साली स्थापन झालेली. भारतात तिचं काम इंडियन टेस्टिंग बोर्ड पाहतं. फाउंडेशन ही पहिली पायरी. तिचा अभ्यासक्रम आणि नमुना प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यामुळे क्लास न लावताही तयारी होते. मी रोज रात्री जेवणानंतर तासभर बसायचो. परीक्षेला वेळ साठ मिनिटं. पण परीक्षेची भाषा ज्यांची मातृभाषा नाही त्यांना पाव वेळ वाढवून मिळतो, म्हणजे पंचाहत्तर मिनिटं. आपल्या मुलांनी नोंदणी करताना हे विसरू नये. प्रश्नाची इंग्रजी वाक्यं लांब असतात आणि चारही पर्याय अर्धे अर्धे खरे वाटतात. मला ती पंधरा मिनिटं कामी आली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर चौथ्या प्रकरणात सापडलं, आणि ते कापसाच्याच उदाहरणाने सांगतो.

प्रत्येक संख्या टाकून तपासणं कुणालाच शक्य नसतं. म्हणून आधी संख्यांचे गट पाडायचे, असे की एका गटातल्या सगळ्या संख्यांना प्रोग्राम सारखीच वागणूक देईल. आपल्याकडे तीन गट झाले: ८ पर्यंत पूर्ण भाव, ८ च्या वर १२ पर्यंत कपात, १२ च्या वर नकार. गटातली एक संख्या बरोबर आली तर बाकीच्याही येतील असं धरून चालायचं. नकळत मी एवढंच केलं होतं. ७, १० आणि १४ हे प्रत्येक गटाच्या साधारण मधले आकडे.

पण गटाच्या मध्यावर सहसा कुणी चुकत नाही. दहा हा आकडा कपातीच्या गटात येतो की नाही, याबद्दल लिहिणाऱ्याच्या मनात गोंधळच नसतो. गोंधळ होतो तो एक गट संपून दुसरा सुरू होतो तिथे, कारण तिथे 'पर्यंत', 'पासून', 'पेक्षा जास्त' हे शब्द येतात आणि त्यांचं चिन्ह करताना हात चुकतो. म्हणून दुसरी पद्धत सांगते, तपासणीचे आकडे थेट सीमेवरून उचला. आमचा मीटर एक दशांश दाखवतो, म्हणजे ८ चा पलीकडचा शेजारी ८.१ आणि १२ चा १२.१. तपासायचे आकडे चार: ८.०, ८.१, १२.० आणि १२.१. आधी मी तीन तपासले होते, आता चार. काम एका आकड्याने वाढलं आणि त्या चारांत काकांची गाडी आपोआप आली असती.

याहून कडक प्रकारही आहे. त्यात सीमेवरच्या प्रत्येक आकड्याचे दोन्ही बाजूंचे शेजारी घेतात, मग ७.९, ८.०, ८.१, ८.२ आणि ११.९, १२.०, १२.१, १२.२ असे आठ होतात. जास्त आकडे कशाला, तर समजा कुणी `m <= 8` च्या जागी चुकून `m == 8` लिहिलं. ८.० ला उत्तर बरोबर येईल, ८.१ लाही येईल. ७.९ टाकल्यावरच चूक दिसेल, कारण कोरड्या मालाला कपातीऐवजी उलट वाढीव भाव निघेल. जिथे पैशाचा हिशेब आहे तिथे मी आता आठ घेतो.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे धुऱ्यावर पाहायचं." शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. भांडण शेताच्या मधोमध कधीच होत नाही, धुऱ्यावर होतं. पुस्तकातल्या दोन पानांचं त्यांनी एका वाक्यात केलं.

दुसरी शिकलेली गोष्ट त्याहून साधी आहे. टेस्टिंग म्हणजे प्रोग्राम चालवून पाहणं, असं मला वाटायचं. अभ्यासक्रमात एक पूर्ण प्रकरण न चालवता तपासण्यावर आहे: कोड लिहिण्याच्या आधी नियमाचा कागद घेऊन बसायचं आणि तो दोन प्रकारे वाचता येतो का ते शोधायचं. लवकर सापडलेली चूक स्वस्तात सुटते, हे तिथलं एक मूळ तत्त्व.

परत येऊन मी त्या जिनिंगचा नियम पुन्हा वाचला. 'आठ टक्क्यांच्या वर दर टक्क्याला एक टक्का कपात.' मग ८.६ आला तर? मालकाला विचारलं. ते म्हणाले, "दशांशाने कापायचं, पॉइंट सहाच." मुनीमजींना विचारलं. ते म्हणाले, "टक्का सुरू झाला की पूर्ण टक्का. आम्ही हाताने लिहायचो तेव्हा असंच होतं." दोघे एकाच टेबलावर बसतात, अनेक वर्षं. ७,५२१ च्या भावाला पॉइंट सहाची कपात ४५ रुपये १३ पैसे होते आणि पूर्ण टक्क्याची ७५ रुपये २१ पैसे. क्विंटलमागे तीस रुपयांचा फरक, पंधरा क्विंटलच्या गाडीला साडेचारशेचा. माझा प्रोग्राम दशांशाने कापत होता. पण तो तसा का, याचं उत्तर माझ्याकडे एवढंच होतं की मला ते सोपं वाटलं. शेतकऱ्याच्या साडेचारशे रुपयांचा निर्णय मी कुणालाही न विचारता घेतला होता. नशिबाने तो मालकाच्या मनासारखा निघाला.

आता तो नियम तीन भाषांत छापून काट्याच्या खोलीबाहेर लावला आहे. मराठीत असा: "ओलावा ८.० पर्यंत पूर्ण भाव. ८.१ ते १२.० दशांशाप्रमाणे कपात. १२.१ पासून माल घेतला जाणार नाही." या तीन वाक्यांत 'च्या वर' हा शब्द मुद्दाम ठेवलेला नाही. कोड लिहिणाऱ्यालाही अंदाज करावा लागत नाही आणि गाडीवाल्यालाही.

तिसरी गोष्ट वाचताना मी थबकलो होतो. बोरिस बायझर नावाच्या लेखकाने १९९० च्या सुमारास टेस्टिंगमधल्या एका अडचणीला कीटकनाशकाचं नाव दिलं. तेच औषध वारंवार मारलं की कीड त्याला दाद देईनाशी होते. तशाच, त्याच त्या चाचण्या वर्षानुवर्षं चालवल्या की त्या नवीन चुका पकडेनाशा होतात. या अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या आवृत्तीत तेच नाव होतं. मी दिली त्या ४.० आवृत्तीत सरळ 'चाचण्या झिजतात' असं म्हटलं आहे.

आदिलाबादच्या माणसाला जुनं नावच जास्त कळेल. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. सुरुवातीला बोंडअळीची काळजी मिटली असं सगळ्यांना वाटलं. शेजारच्या यवतमाळसह कापूसपट्ट्यात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केलं ते आमच्याकडच्या प्रत्येक घराला आठवतं. बाहेरून बोंड चांगलं, आत अळी. बाबा आता फुलं पाहत फिरतात. पाकळ्या मिटलेली, गुलाबासारखी दिसणारी डोमकळी दिसली की आत अळी आहे समजायचं. शेतात कामगंध सापळे लावतात आणि फरदड घेत नाहीत. बियाणं बीटी आहे म्हणून पाहणी थांबवली नाही, उलट वाढवली.

माझ्या चाचण्या उघडून पाहिल्या तर त्या लिहिल्यापासून बदललेल्याच नव्हत्या. रोज चालायच्या, रोज सगळ्या हिरव्या. प्रत्येकीत भाव ७,५२१ लिहून ठेवलेला. २०२५-२६ साठी हमीभाव ८,११० झाला. प्रोग्राममध्ये कुठे जुना भाव राहून गेला असता तर माझ्या चाचण्यांनी तो आनंदाने पास केला असता, कारण त्या जुन्या भावाचीच वाट पाहत होत्या. आता हंगामाआधी मी नवा भाव घालून सीमेवरची उत्तरं कागदावर हाताने काढतो (८,११० ला १२ टक्क्यांवर ७,७८५ रुपये ६० पैसे) आणि ती प्रोग्रामशी ताडून पाहतो. शिवाय काट्यावरून आलेल्या प्रत्येक तक्रारीची एक नवी चाचणी होते. त्यातल्या पहिलीचं नाव `test_moisture_12_0` आहे. आमच्या ऑफिसात तिला 'काकांची टेस्ट' म्हणतात. जुन्या चाचण्या मात्र टाकून दिल्या नाहीत. एकदा सुधारलेली चूक पुन्हा शिरली तर त्याच ओरडतात.

या प्रमाणपत्राने काय येत नाही, तेही सांगायला हवं. परीक्षा पर्याय निवडण्याची आहे, एक ओळ कोड लिहावा लागत नाही. चाचण्या आपोआप चालवणं मी वेगळं शिकलो. आणि काट्यावरची एक गोष्ट माझ्या कुठल्याच पद्धतीच्या हाती लागत नाही: मीटर. त्याची सुई गाडीच्या वरच्या थरात खुपसली की ओलावा कमी दिसतो, सकाळच्या थंडीत गच्च भरलेल्या मधल्या थरात जास्त. त्याच गाडीला ११.४ येऊ शकतो आणि १२.३ सुद्धा. माझा प्रोग्राम दोन्ही आकड्यांना बरोबर उत्तर देईल, तरी शेतकऱ्याला मिळालेलं उत्तर बरोबर असेलच असं नाही. अभ्यासक्रमाचं पहिलंच तत्त्व आहे की चाचणी चुका आहेत हे दाखवू शकते, चुका नाहीत हे सिद्ध करू शकत नाही. मी मालकांना तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या असं सुचवलं. प्रोग्राममध्ये तीन रकाने करून दिले. हंगामाच्या गर्दीत काट्यावरचा मुलगा तिन्हींत एकच आकडा टाकतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

यंदा खरेदी सुरू झाली तेव्हा पहिले दोन दिवस मी काट्याजवळच खुर्ची टाकून बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका गाडीला १२.० आला. मुलाने आकडा टाकला, पडद्यावर भाव उमटला, पावती निघाली. गाडीवाल्याला यात विशेष काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. बारापर्यंत घेतात, त्याचा बारा होता.

संध्याकाळी काकांना फोन करून सांगितलं. गेल्या वर्षीचे सहा हजार तीनशे मी दिवाळीला त्यांच्या हातात ठेवायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी घेतले नव्हते. फोनवर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं. पण त्या बाकी सहा जणांचं काय रे?"

त्या नोंदींत गाडीचे नंबर आहेत. मालकांशी बोलून मी ते शोधायला घेतले आहेत. आतापर्यंत दोघे सापडले.